अडल्यावर तू किती वेळ बसतेस?

*मॅडम, दहावीला ८५ टक्के मिळाले, सेमी इंग्लिश. गणित ८१, विज्ञान ८३, सामाजिक शास्त्र ९१. बाबा म्हणतात सायन्सच घे, नंतर केव्हाही बदलता येतं. आत्या म्हणते कॉमर्स. मला सगळंच थोडं थोडं आवडतं, त्यामुळे आवड बघून ठरव असं कुणी म्हटलं की अजूनच गोंधळ होतो. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा असेल तर कुठला विचारू?*

आवडीचा प्रश्न बाजूला ठेव. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना जे सोपं जातं ते आवडतं, आणि ज्या बाई चांगलं शिकवतात त्यांचा विषय आवडतो. त्यात चूक काही नाही, पण त्यावरून अकरावी ठरवता येत नाही, कारण अकरावीला ना विषय सोपा राहतो, ना त्या बाई.

मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि गेली काही वर्षं दहावीच्या मुलांशी बोलते. मी एवढंच विचारते: कुठल्या विषयात अडल्यावर तू बसून राहतेस, आणि कुठल्या विषयात अडल्यावर उठतेस?

हे का विचारायचं ते तुझ्याच मार्कांवरून सांगते. तुझे गणिताचे ८१ म्हणजे भाग एकचे ४०, भाग दोनचे ४० आणि अंतर्गत २० यांतून आलेले. अंतर्गतचे अठरा-एकोणीस जवळजवळ सगळ्यांना मिळतात. ते वजा केले तर तुझे लेखी परीक्षेचे साधारण ८० पैकी ६२ राहतात. वाईट नाहीत, पण ‘ऐंशीच्या वर’ हा जो भास होतो तो थोडा विरतो. त्यातही दहावीची गणितं ठरलेल्या जातीची असतात. सरावसंच चार वेळा सोडवला की पेपरात तीच गणितं आकडे बदलून भेटतात. म्हणजे दहावीत तू फारशी अडलीच नाहीस. अडल्यावर तू काय करतेस हे तुझ्या मार्कलिस्टमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं म्हणजे मुख्यतः अडणंच असतं.

माझ्या वर्गात नव्वदच्या वरची मुलं दिवाळीपर्यंत ढेपाळलेली मी पाहिली आहेत, आणि पंच्याहत्तरवाली काही बारावीला त्यांच्या पुढे गेलेली. बुद्धीचा फरक म्हणावा तर तो फारसा नव्हता. पुढे गेलेली मुलं गणित सुटलं नाही की वहीचं पान उलटून पुन्हा आकृती काढत. ढेपाळलेली मुलं तेवढ्यात मागच्या पानावरचं उत्तर बघत आणि ‘हां, कळलं’ म्हणत. उत्तर बघून कळलेलं परीक्षेत उपयोगी पडत नाही, हे त्यांना पहिल्या चाचणीत कळे.

आता हा प्रश्न नुसता मनाशी विचारून चालत नाही, कारण मन आपल्याला हवं तेच उत्तर देतं. तीन संध्याकाळी लागतात. ebalbharati.in वर अकरावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. भौतिकशास्त्राचं, पुस्तपालन व लेखाकर्माचं आणि इतिहास किंवा राज्यशास्त्राचं अशी तीन उतरवून घे. रोज एक विषय, एकच तास. पहिली वीस-पंचवीस मिनिटं धड्याचा सुरुवातीचा भाग वाचायचा, मग त्यातलं एखादं गणित किंवा प्रश्न घ्यायचा. फोन दुसऱ्या खोलीत. वहीच्या समासात दोन वेळा लिहायच्या, कितीला अडलीस आणि कितीला उठलीस. उत्तर बरोबर आलं की चूक, हे लिहायचं नाही. ते आपण तपासतच नाही आहोत.

भौतिकशास्त्रासाठी मी मुलांना नेहमी नावेचं उदाहरण देते. स्थिर पाण्यात नाव ताशी ४ किलोमीटर जाते. नदीचा प्रवाह ताशी ३ किलोमीटर. पात्र १ किलोमीटर रुंद. नावाड्याने तोंड सरळ पलीकडच्या काठाकडे ठेवलं. काठावर उभं राहून बघणाऱ्याला नाव किती वेगाने जाताना दिसेल, आणि पलीकडे पोचायला किती वेळ लागेल? बहुतेक मुलं पहिल्या झटक्यात ७ म्हणतात. दोन वेग, करा बेरीज. मी म्हणते, चूक. इथे तू अडलीस.

बसून राहणारं मूल आकृती काढतं. एक बाण आडवा, एक उभा, आणि मग त्याला काटकोन त्रिकोण दिसतो, ३-४-५ आठवतं, आणि वेग ५ येतो. पण खरी मजा वेळेत आहे. मुलं १ ला ५ ने भागतात आणि १२ मिनिटं म्हणतात. तेही चूक. पलीकडे नेण्याचं काम फक्त ४ चा वेग करतो, म्हणून पंधरा मिनिटं. प्रवाहाने नाव तेवढ्या वेळात ७५० मीटर खाली वाहून जाते, पण पोचायला वेळ तितकाच लागतो. प्रवाह असो वा नसो. हे ऐकल्यावर काही मुलांच्या कपाळावर आठी येते. ‘असं कसं? पाणी ढकलतंय ना?’ म्हणतात आणि जेवताना भावाशी वाद घालतात. काही मुलं म्हणतात, ‘बरं, पंधरा. पुढचं सांगा.’ या दुसऱ्या मुलांनी सायन्स घेऊ नये असं मी लगेच म्हणत नाही, पण वहीत खूण करते.

पुस्तपालनाला हाच प्रयोग वेगळ्या उदाहरणावर. दुकानदाराने दुकानातलाच २,००० रुपयांचा माल घरी वापरायला नेला. जमाखर्चात नोंद कशी करशील? मूल म्हणतं विक्री. पण पैसे तर आले नाहीत. मग म्हणतं काहीच नोंद नको, त्याचंच दुकान, त्याचाच माल. इथे अडायला होतं, आणि इथेच कॉमर्स सुरू होतं. दुकान वेगळं आणि दुकानदार वेगळा, ही कल्पना पचायला लागते. मालकाने धंद्यातून घेतलं म्हणून उचल खातं नावे. माल विकला गेला नाही, खरेदी केलेल्यातून कमी झाला, म्हणून खरेदी खातं जमा. ‘स्वतःच्या दुकानातून घेतलं तर हिशोबात कशाला लिहायचं’ या प्रश्नावर जो अर्धा तास घालवतो, गल्लीतल्या वाण्याला जाऊन विचारतो, त्याला ही शाखा झेपते. ज्याला हे ‘नुसते नियम, पाठ करायचे’ वाटतात त्याला पुढे अंतिम खाती आली की ताळेबंद जुळत नाही, आणि न जुळलेला ताळेबंद घेऊन रात्री अकरा वाजता बसावंसंही वाटत नाही.

कला शाखेचं मोजमाप लोक करतच नाहीत, कारण सगळ्यांना वाटतं तिथे अडण्यासारखं काही नसतं. तुझे सामाजिक शास्त्राचे ९१ तुला हेच सांगत असतील. तर हा प्रश्न घे. १ नोव्हेंबर १९५६ ला देशात भाषावार राज्यरचना झाली. मग मराठी माणसाचं राज्य व्हायला १ मे १९६० का उजाडावा लागला? मधली साडेतीन वर्षं गुजरात आणि महाराष्ट्र एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात का होते? पुस्तकातला परिच्छेद उतरवायचा नाही. मुंबईत कुणाचा पैसा गुंतलेला होता, कुणाचे कामगार होते, दिल्लीला कशाची भीती वाटत होती, आणि निवडणुकीने काय बदललं, हे आपल्या शब्दांत एक पान. सात-आठ ओळींनंतर पेन थांबतं. पाठ केलेलं संपतं आणि विचार करून लिहायचं सुरू होतं. ती नववी ओळ लिहायला तू बसलीस का, दुसरं पुस्तक काढून बघितलंस का, की ‘एवढं पुरे’ म्हणून उठलीस? सामाजिक शास्त्रात नव्वदच्या वर असलेली अर्धीअधिक मुलं आठव्या ओळीला उठतात. त्यांचं पाठांतर चांगलं होतं, इतकंच.

एक मुलगी सांगते तुला. मागे माझ्याकडे आली होती, सातारा जिल्ह्यातली, तुझ्यासारखेच मार्क, घरी सायन्स ठरलेलं. तिच्या वहीत पहिल्या संध्याकाळी लिहिलं होतं: अडले ६:२८, उठले ६:३५. सात मिनिटं. पाणी प्यायला उठले, असंही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पुस्तपालन: अडले ६:२५, उठले ७:४०. तासाची मर्यादा तिने मोडली होती आणि समासात तीन वेळा नोंद खोडून पुन्हा केलेली होती. नोंद शेवटी चूकच होती, बरं का. तिसऱ्या दिवशी इतिहास: वीस मिनिटं बसली, पान भरलं, पण स्वतःच म्हणाली की शेवटच्या ओळी भरतीच्या होत्या.

इथे थांबून लगेच ‘कॉमर्स’ म्हणायचं नसतं. सात मिनिटांत उठली याची दोन कारणं असू शकतात. एक, विषयात जीव नाही. दोन, पाया कच्चा आहे किंवा इंग्रजीतलं वाक्यच कळलं नाही. आपल्याकडे अकरावी सायन्स इंग्रजीतूनच शिकवतात. सेमीच्या मुलांना शब्द ओळखीचे असतात तरी लांब वाक्यात घसरायला होतं, आणि पूर्ण मराठी माध्यमातल्या मुलांचं तर पहिलं सत्र नुसतं शब्दांशी झुंजण्यात जातं. म्हणून मी चौथी संध्याकाळ ठेवते. जिथे सर्वांत लवकर उठलीस तिथे परत जायचं, पण या वेळी कुणीतरी गणित मराठीत समजावून द्यायचं आणि एकच इशारा द्यायचा. नावेच्या गणितात इशारा म्हणजे ‘आकृती काढ’, एवढाच. इशाऱ्यानंतर ती आपणहून पुढचं गणित घेत असेल तर अडचण शिकवण्यात होती, तिच्यात नव्हती, आणि मग सायन्स नाकारायला ते कारण पुरेसं नाही. त्या मुलीने इशारा मिळाल्यावर गणित सोडवलं, बरोबर सोडवलं, आणि वही मिटली. मी म्हटलं अजून एक घेतेस का? म्हणाली, ‘घ्यायला हवं का?’ मग मात्र मी तिच्या वडिलांशी बोलले.

तिचे वडीलही तुझ्या बाबांसारखंच म्हणाले, सायन्स घेतलं की नंतर बदलता येतं. यात अर्धं खरं आहे. बारावी सायन्सनंतर बीकॉमला, बीएला जाता येतं. बारावी कॉमर्स किंवा आर्ट्सनंतर इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसीला जाता येत नाही, कारण तिथे बारावीला भौतिक-रसायन आणि सोबत गणित किंवा जीवशास्त्र लागतं. आर्किटेक्चरलाही भौतिक आणि गणित लागतंच. पण लॉ, सीए, हॉटेल मॅनेजमेंट, स्पर्धा परीक्षा यांना अकरावीची शाखा कुणी विचारत नाही. म्हणजे ‘दार उघडं राहतं’ हे फक्त काही दारांबाबत खरं आहे, आणि त्या दारांतून तुला जायचंच नसेल तर ती उघडी ठेवण्याचं भाडं दोन वर्षं का भरायचं?

भाडं म्हणते ते उगाच नाही. माझ्याच भाच्याला मी हाच सल्ला दिला होता, ‘घे रे सायन्स, बघू पुढे.’ तेव्हा मला हे असं विचारायचं सुचलं नव्हतं. दोन वर्षं क्लासच्या फिया, बारावीला ५२ टक्के, सीईटी जेमतेम. मग बीकॉमला गेला. तिथे बाकीच्या मुलांची दोन वर्षांची पुस्तपालनाची सवय झालेली आणि याला नावे-जमाही माहीत नाही. पहिलं वर्ष त्याने शिकवणी लावून काढलं. शिकला तो शेवटी, पण बारावीचे ५२ टक्के अजून त्याच्या प्रत्येक अर्जावर येतात. शाखा बदलता येते, टक्के बदलता येत नाहीत.

डिप्लोमाचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण तुझ्या बाबांना कुणीतरी सुचवेलच. तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा दहावीच्या मार्कांवर मिळतो आणि नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. घरात मिक्सर बंद पडला की पेचकस घेऊन बसणारी, आईने हाक मारली तरी न उठणारी मुलं असतात. त्यांच्यासाठी हा रस्ता अकरावी सायन्सपेक्षा बरा, कारण त्यांचं बसून राहणं वस्तूशी असतं, कागदाशी नसतं. पण बारावीचं गणित टाळायला म्हणून डिप्लोमाला जाणारी मुलं पहिल्याच वर्षाच्या गणितात अडकतात आणि मग बॅकलॉग वाहत बसतात. गणित तिथेही आहे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एखाद्या मुलाला तिन्ही ठिकाणी बसवतं. अशा वेळी मी घरची परिस्थिती, जवळ कुठलं कॉलेज आहे, फी किती, हे बघून ठरवायला सांगते आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. एखादं मूल तिन्ही ठिकाणी दहा मिनिटांत उठतं. ते बहुधा दमलेलं असतं. परीक्षा, निकाल, नातेवाइकांचे फोन. त्याला आठवडाभर सोडून द्यावं आणि मग पुन्हा बसवावं. आणि क्लासच्या जाहिराती बघून भारावलेलं मूल पहिल्या संध्याकाळी जिद्दीने दीड तास बसतं, ते खोटं बसणं असतं. ते ओळखायला सोपं आहे. दुसऱ्या दिवशी त्याला ‘काल काय अडलं होतं?’ विचारावं. खरं बसलेल्याला ते नेमकं आठवतं.

आता तुझं. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात कॉलेजांचे पसंतीक्रम भरायच्या आत या चार संध्याकाळी उरकून घे, कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर ‘बघू लागतं का’ म्हणून काही टाकू नकोस. बाबांशी वाद घालू नकोस, समासातल्या वेळा दाखव. आकडे बघितल्यावर वडीलमंडळी थोडी नरमतात, असा माझा अनुभव आहे. आणि प्रयोगात तू पुस्तपालनाला बसलीस, तर आत्याला एवढंच विचार की कॉलेजात गणित मिळतं का. पुष्कळ कॉलेजांत गणित किंवा सेक्रेटेरियल प्रॅक्टिस असा पर्याय असतो आणि मुलं मार्कांसाठी एसपी घेतात. तू गणित घे. सीए फाउंडेशनला शंभर मार्कांचा एक अख्खा पेपर गणित, सांख्यिकी आणि तर्कावर असतो, आणि अर्थशास्त्रात पुढे जायचं म्हटलं तरी चांगल्या ठिकाणी बारावीचं गणित मागतात. गणितात तू ८० पैकी ६२ ची आहेस, दोन वर्षं ते सोडून द्यावं इतकी कच्ची नाहीस.

आणि सायन्सला बसलीस तर गणित ठेवायचं की जीवशास्त्र, हा पुढचा प्रश्न आहे. त्याला पाचवी संध्याकाळ लागेल. पण आधी चारही संध्याकाळच्या समासातल्या वेळा मला लिहून पाठव.